‘व्हिसा मिळवून देतो’ न म्हणता विश्वास कसा द्यायचा: परदेशी शिक्षण सल्लागाराच्या जाहिरातीचा मथळा

कर्वे रोडवरच्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा भिंतीवर आधीच्या जाहिरातीचा फ्लेक्स होता. ‘जर्मनीला जायचंच! व्हिसाची १००% हमी.’ ऑफिस चालवणाऱ्या मॅडम स्वतः जर्मनीत शिकून आलेल्या, काम चोख, आणि तो फ्लेक्स त्यांनाच डोळ्यात खुपत होता. तो आधीच्या भागीदाराने छापून घेतला होता. त्या म्हणाल्या, “हे काढायचंय. पण हमी काढली की पालक समोरच्या गल्लीतल्या एजंटकडे जातात. तो हमी देतो ना!”

हा पेच खरा आहे आणि तो ‘प्रामाणिक राहा’ म्हणून सुटत नाही. मथळ्यात हमीच्या जागी तितकंच वजनदार दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. ते कसं शोधायचं, याची त्या ऑफिसात आम्ही जी पद्धत वापरली ती इथे टप्प्याटप्प्याने मांडतो. उदाहरण जर्मनीतल्या मास्टर्सचंच घेतो, कारण पुण्या-सांगलीकडची इंजिनिअरिंगची बरीच मुलं त्या वाटेने जातात आणि त्या वाटेवर कोणाच्या हातात काय आहे हे स्पष्ट दिसतं.

पहिलं काम: कागदावर तीन रकाने

मथळा लिहायला बसण्याआधी कौन्सेलरला समोर बसवा आणि विद्यार्थी पहिल्यांदा दारात आल्यापासून विमानात बसेपर्यंतचं प्रत्येक पाऊल लिहून काढा. प्रत्येक पावलापुढे एकच प्रश्न: याचा निर्णय कोण घेतं? आम्ही, विद्यापीठ की सरकार?

जर्मनीच्या बाबतीत ही यादी साधारण अशी होते. कोणते कोर्स मुलाच्या मार्कांना आणि विषयांना जुळतात हे शोधणं आमच्याकडे. एपीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे भारतीय पदवी खरी असल्याची पडताळणी, दिल्लीतलं एपीएसचं कार्यालय देतं. नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसासाठी लागतंच. आपण फक्त कागद लावून देतो. प्रवेश विद्यापीठाचा. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं, उघडण्यात आम्ही मदत करतो, पैसे पालकांचे. आणि व्हिसा? तो जर्मन दूतावास किंवा वाणिज्य दूतावासातला अधिकारी देतो किंवा नाकारतो. व्हीएफएसच्या काउंटरवरचा माणूससुद्धा तो निर्णय घेत नाही, तो कागद जमा करून पुढे पाठवतो.

रकाने भरून झाल्यावर मॅडम गप्प झाल्या, मग हसल्या. सगळ्यात मोठा मथळा ज्या गोष्टीबद्दल होता, ती ‘सरकार’च्या रकान्यात होती. आणि ‘आम्ही’च्या रकान्यात चौदा-पंधरा कामं होती, ज्यांबद्दल जाहिरातीत एक शब्द नव्हता.

नियम एवढाच आहे. मथळ्यातल्या क्रियापदाचा कर्ता आपण असू, तर ते काम पहिल्या रकान्यातलं असलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातल्या कामाचा उल्लेख करायला हरकत नाही, पण त्याचा कर्ता ज्याचा तो.

मराठी क्रियापदं आपल्याला गोत्यात कशी आणतात

इथे जरा रेंगाळतो, कारण बहुतेक चुका याच ठिकाणी होतात आणि त्या करणाऱ्याला कळत नाहीत. हमी हा शब्द काढून टाकला म्हणजे हमी गेली असं नसतं.

‘मिळणे’, ‘मिळवणे’ आणि ‘मिळवून देणे’ ही तीन क्रियापदं घ्या. ‘व्हिसा मिळतो’ ही घटना झाली. ‘व्हिसा मिळवतो’ यात प्रयत्न आणि यश दोन्ही आलं. ‘व्हिसा मिळवून देतो’ म्हटलं की यश आलं आणि ते आणणारे आपण झालो. म्हणजे ‘आम्ही व्हिसा मिळवून देतो’ या चार साध्या शब्दांत पूर्ण हमी आहे, फक्त हमी हा शब्द नाही. त्याऐवजी ‘व्हिसाची फाइल तयार करून देतो’ म्हणा. वाक्याची ठेवण तीच, ‘करून देतो’मधली आपुलकी तीच, पण काम आपल्या हातातलं.

दुसरा गुन्हेगार आहे ‘च’. ‘यंदा जर्मनीला जायचंच!’ हे विद्यार्थी स्वतःच्या डायरीत लिहितो तेव्हा निश्चय असतो. सल्लागाराने फ्लेक्सवर लिहिलं की तेच आश्वासन होतं. ‘नक्की’, ‘हमखास’, ‘खात्रीशीर’, ‘बिनघोर’ हे सगळे त्याच घरातले. त्यातला ‘बिनघोर’ हा शब्द मला स्वतःला फार आवडतो आणि मी तो एकदा वापरलाही होता, ‘बिनघोर परदेशी शिक्षण’. व्हिसा नाकारलेल्या एका मुलाच्या वडिलांनी तीच जाहिरात कापून आणून टेबलावर ठेवली. त्यांचं चुकलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट जास्त फसवी. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘व्हिसाची हमी आम्ही देत नाही’ हा मथळा कागदावर प्रामाणिक दिसतो. पण मोबाइलवर तो ‘व्हिसाची हमी आम्ही दे…’ असा कापला जातो आणि रिक्षातून फ्लेक्स बघणारा ‘व्हिसाची हमी’ एवढंच वाचून पुढे जातो. नकारार्थी मथळ्याने आपण आपल्याच हाताने हमीचा शब्द ठळक अक्षरांत लावतो. त्यामुळे मर्यादा सांगायची असेल तर ती होकारार्थी वाक्यात सांगा आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव आधी येऊ द्या. ते कसं, ते पुढे येईलच.

पालकाचं वाक्य पकडा

मथळा कोणासाठी? मुलाला जायचंच असतं, त्याला पटवायला फार लागत नाही. फी भरणारा, एफडी मोडणारा किंवा घर तारण ठेवून कर्ज काढणारा माणूस वेगळा असतो. आम्ही दोन आठवडे एक साधी गोष्ट केली. रिसेप्शनवरच्या ताईंना एक वही दिली आणि सांगितलं, पालकाने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहा, सुधारू नका.

वहीतली वाक्यं अशी होती: ‘तुमची फी आधी भरायची का?’ ‘आमच्या शेजारच्यांचा नाही झाला, तुमच्याकडे होईल का?’ ‘कागद तुम्ही बघता का मुलगाच बघतो?’ ‘नाही झालं तर पैसे गेले का?’ ‘मोफत आहे म्हणतात ते खरंय का?’

नीट पाहिलं तर ‘व्हिसाची हमी द्या’ असं कोणीच म्हणत नव्हतं. हमी हे एजंटांनी दिलेलं उत्तर आहे, पालकांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची भीती दोन प्रकारची होती. एक, आपल्याला अंधारात ठेवून पैसे घेतले जातील. दोन, फाइलमध्ये कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे चूक राहील. आणि ही भीती हवेतली नाही. २०२३ मध्ये कॅनडात बरेच भारतीय विद्यार्थी, त्यातले बहुतेक पंजाबचे, हद्दपारीच्या नोटिसांना सामोरे गेले, कारण एजंटने दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाली. मुलांना व्हिसा मिळाला होता! तरी पुढे सगळं कोसळलं. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकार प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेऊ लागलं. पालक या बातम्या वाचतात. त्यांना ‘व्हिसा झाला’ यापेक्षा ‘कागद खरे आहेत’ हे ऐकायचं असतं.

या दोन्ही भीतींवरचा इलाज ‘आम्ही’च्या रकान्यात आहे. अंधारात ठेवणं न ठेवणं आणि फाइल तपासणं न तपासणं हे पूर्ण आपल्या हातात आहे. मथळा तिथून निघतो.

मसुदे आणि ते का पडले

आम्ही वीसेक मथळे लिहिले. त्यातल्या काहींची कहाणी सांगतो, कारण मथळा कुठे मोडतो हे पाहिल्याशिवाय चांगला का चालतो ते कळत नाही.

‘तुमचं स्वप्न, आमची साथ.’ हा मॅडमच्या भाच्याने सुचवला. यात खोटं काही नाही, पण हा मथळा फ्लॅटच्या स्कीमला, विम्याला आणि लग्नाच्या हॉललाही चालेल. वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर यात नाही.

‘जर्मनीत मोफत मास्टर्स.’ क्लिक खूप येतील. पण हे धोकादायक आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही हे खरं. मात्र बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशाच, युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. खासगी विद्यापीठांची गोष्ट तर वेगळीच. शिवाय फी नसली तरी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो झाला. पालक ‘मोफत’ वाचून येतो, हा आकडा ऐकतो आणि त्याला वाटतं आपल्याला फसवून बोलावलं. पहिल्याच भेटीत विश्वास गेला.

‘एम्बसीमान्य सल्लागार.’ नाही. कोणताही दूतावास खासगी सल्लागाराला असं बिरुद देत नाही. विद्यापीठाशी करार असेल तर त्या विद्यापीठाचं नाव घ्या आणि ‘या विद्यापीठाचे अधिकृत प्रतिनिधी’ एवढंच म्हणा, तेही करार चालू असेपर्यंत.

‘नकार आला तर अपील आम्ही करू.’ हा मला आवडला होता, कारण अडचणीत साथ देणारा माणूस दिसतो. मॅडमनी लगेच थांबवलं. जर्मन दूतावासाकडे फेरविचार मागण्याची जी सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी खरा असलेला मथळा आज खोटा ठरतो. प्रत्येक मंजूर मथळ्याच्या फाइलवर आम्ही तेव्हापासून तारीख आणि तपासणाऱ्याची सही ठेवतो.

मग हा आला: ‘व्हिसा देणं दूतावासाचं काम. फाइल चोख करणं आमचं काम.’

यात मर्यादा आहे, पण नकारार्थी शब्द नाही. निर्णय घेणारा पहिल्याच वाक्यात आहे, त्यामुळे वाक्य कुठेही कापलं तरी खोटं होत नाही. दोन वाक्यांची घडण म्हणीसारखी, लक्षात राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘चोख’ हा शब्द. हिशोब चोख, व्यवहार चोख, पुण्याच्या पालकाला या शब्दाचं वजन माहीत असतं. ‘परफेक्ट’ म्हटलं असतं तर ते ब्युटी पार्लरचं वाटलं असतं.

एक बदल केला. वहीत एकाही पालकाने ‘दूतावास’ म्हटलेलं नव्हतं. तो वर्तमानपत्रातला शब्द. सगळे ‘एम्बसी’ म्हणत होते. म्हणून ‘व्हिसा देणं एम्बसीचं काम. फाइल चोख करणं आमचं काम.’ तांत्रिकदृष्ट्या मुंबईत वाणिज्य दूतावास आहे, एम्बसी दिल्लीत. मथळ्यात लोकांच्या तोंडचा शब्द ठेवला आणि खालच्या मजकुरात नेमकं नाव दिलं.

मथळ्याखालची ओळ: इथे खरा विश्वास बसतो

मथळा मर्यादा सांगतो आणि काम सांगतो. पण ‘चोख म्हणजे काय?’ हा प्रश्न उरतो. उपमथळ्यात त्याचा एक पुरावा लागतो, आणि तो असा हवा की तो पाळला गेला का हे पालक स्वतः तपासू शकेल.

आम्ही लिहिलं: ‘नकार कुठे येऊ शकतो, ते आमची फी भरण्याआधी लेखी सांगतो.’

हे वाचून मॅडम म्हणाल्या, “पण आपण असं करतच नाही.” तोंडी सांगत होत्या, लेखी नाही. तेव्हा दोन पर्याय होते, ओळ बदलायची किंवा काम बदलायचं. त्यांनी काम बदललं. पहिल्या भेटीनंतर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक पान भरायचं ठरलं. पदवीचे विषय आणि निवडलेला कोर्स यांचा मेळ बसतो का, शिक्षणात पडलेला खंड कसा समजावणार, भाषेचा पुरावा पुरेसा आहे का, पैशांचा माग दाखवता येतो का. प्रत्येकापुढे ‘ठीक’, ‘कच्चं’ किंवा ‘धोका’. खाली विद्यार्थी आणि कौन्सेलर दोघांची सही, एक प्रत घरी.

मेकॅनिकल झालेल्या मुलाने अचानक डेटा सायन्सचा अर्ज केला असेल, तर त्या पानावर ‘कच्चं’ येतं आणि पालक फी भरायच्या आधीच तो शब्द बघतो. काही पालक त्यामुळे परत जातात. ते पुढे भांडायला येण्यापेक्षा आज परत गेलेले बरे. (मॅडमचं मत वेगळं होतं, त्या म्हणायच्या की त्यातले निम्मे महिनाभराने परत येतात. मी मोजलं नाही.)

तुमचं ऑफिस हे पान भरणार नसेल तर ही ओळ वापरू नका. दुसरी काढा, पण तपासता येईल अशीच. ‘प्रत्येक फाइल दोघं जण तपासतात’ ही चालते, जर खरंच दोघं तपासत असतील आणि फाइलवर दोन सह्या असतील. ‘अनुभवी तज्ज्ञांची टीम’ चालत नाही, कारण ती कोणीच तपासू शकत नाही.

टक्केवारीचा मोह

‘९८% व्हिसा यश’ हे प्रत्येकाला लावायचं असतं. हमी नाही, आकडा आहे, मग काय हरकत? हरकत छेदात आहे.

त्या ऑफिसचा हिशोब मांडून दाखवतो. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून मी बदलले आहेत, पण आकार तसाच आहे. समजा वर्षात ६० जणांनी फी भरून नाव नोंदवलं. त्यातल्या ४१ जणांना किमान एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. ३६ जणांनी व्हिसाची फाइल जमा केली. ३३ जणांचा निकाल आला, त्यात ३० मंजूर, ३ नाकारले. तिघांचा बाकी आहे.

तेहतीसपैकी तीस म्हणजे जवळजवळ ९१%. खोटं नाही. पण हॉलमध्ये बसलेला पालक स्वतःला साठात मोजत असतो, तेहतिसात नाही. त्याच्या मुलाने आज नाव घातलं तर तो साठातला एक. आणि साठातले तीसच व्हिसापर्यंत पोहोचले, म्हणजे निम्मे. बाकीच्यांतले बहुतेक वाटेत गळले: कोणाला प्रवेश नाही, कोणाचे पैसे जमले नाहीत, कोणाला कंपनीत नोकरी लागली. ९१ आणि ५० दोन्ही खरे, पण मथळ्यात ९१ टाकलं की पालक ते हमीसारखंच वाचतो. शिवाय काही ठिकाणी धोक्याच्या फाइली जमाच करू दिल्या जात नाहीत, म्हणजे टक्का घसरत नाही. ९८ तिथूनही येतो.

म्हणून मथळ्यात टक्केवारी नको, असं माझं ठाम मत आहे. आकडे द्यायचे असतील तर मजकुरात पूर्ण शिडी द्या: ‘मागच्या वर्षी ६० जणांनी नाव नोंदवलं. ४१ जणांना प्रवेश. ३३ जणांचा व्हिसाचा निकाल आला: ३० मंजूर, ३ नाकारले.’ आश्चर्य असं की या ओळीत पालकांची नजर ‘३ नाकारले’वर थांबते आणि तिथेच विश्वास बसतो. एका वडिलांनी फोनवर विचारलं, “त्या तिघांचं काय चुकलं?” मॅडमना त्याचं उत्तर माहीत होतं, आणि ते वडील दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आले.

मोबाइलच्या जाहिरातीत बसवताना

फ्लेक्सवर जागा असते. गूगलच्या सर्च जाहिरातीत एका मथळ्याला ३० अक्षरं मिळतात, आणि तिथे अक्षर म्हणजे आपण समजतो ते अक्षर नाही. ‘व्हिसा’ आपल्या डोळ्याला दोन अक्षरं. यंत्र मोजतं व, हलन्त, ह, इकार, स, काना, म्हणजे सहा. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं वेगळं मोजलं जातं. त्यामुळे मराठीत तीस म्हणजे चार-पाच शब्द.

आमचा मथळा दोन तुकड्यांत बसला:

```
व्हिसा देणं एम्बसीचं काम
फाइल चोख करणं आमचं काम
```

पहिला २४, दुसरा २२. दोन्ही आरामात. ‘मास्टर्स जर्मनीत: खर्च आधी सांगतो’ मात्र ३३ होतो आणि बसत नाही. ‘जर्मनीचा खर्च आधी सांगतो’ केलं की २४.

याहून मोठी अडचण पुढे आहे. या जाहिरातीत तुम्ही पंधरापर्यंत मथळे देता आणि त्यातले कोणते, कोणत्या क्रमाने दाखवायचे ते गूगल ठरवतं. म्हणजे दोन तुकड्यांत तोडलेलं वाक्य पुन्हा जुळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक तुकडा एकटा उभा राहिला तरी खरा असला पाहिजे. वरचे दोन्ही तसे आहेत. पण ‘यंदा सप्टेंबरमध्ये जर्मनीत’ आणि ‘पूर्ण तयारी आमच्याकडे’ असे दोन मथळे दिलेत आणि पहिलाच एकटा आला, तर तुम्ही नकळत तारखेसह हमी दिलीत. सगळे मथळे एकेका चिठ्ठीवर लिहा, टेबलावर पालथे टाका, कोणत्याही दोन उचला आणि मोठ्याने वाचा. वीस-पंचवीस वेळा. खोटं वाटणारी जोडी सापडली तर त्यातला एक मथळा काढून टाका. आणि एम्बसीवाला मथळा पहिल्या स्थानावर पिन करा, म्हणजे तो हमखास दिसेल. (इथे ‘हमखास’ चालतं, कारण पिन करणं आपल्या हातात आहे.)

तळटीप मथळ्याला वाचवत नाही

‘मथळ्यात हमी टाकू आणि खाली बारीक अक्षरांत *अटी लागू* लिहू’ हा सल्ला अजूनही मिळतो. तो कायद्यातही टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तळटिपेबद्दल स्पष्ट आहे: दिशाभूल करणारा दावा तिने दुरुस्त करता येत नाही, ती दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे आणि अक्षरंही दाव्यातल्यासारखीच हवीत. म्हणजे मराठी फ्लेक्सवर खाली इंग्रजीत बारीक सूचना छापली तर तिचा उपयोग शून्य.

आमच्या मथळ्याला तळटीप लागलीच नाही. जे तिथे लिहायचं असतं, ते मथळ्यातच लिहिलेलं होतं.

छापण्याआधी: तीन माणसं

शेवटची तपासणी सोपी आहे. ऑफिसशी संबंध नसलेल्या तीन माणसांना मथळा दाखवा. शक्यतो अशी माणसं ज्यांच्या घरात मुलं कॉलेजात आहेत. पाच सेकंदांनी कागद काढून घ्या आणि विचारा, “हे लोक काय करून देतो म्हणतात?” आवडला का, असं विचारू नका, त्याला काही अर्थ नसतो.

कोणी ‘व्हिसा करून देतात’ म्हणालं की मथळा परत टेबलावर. आम्ही दाखवला तेव्हा चहावाल्या काकांनी सांगितलं, “कागद नीट करतात, पण देणं-न देणं त्यांच्या हातात नाही म्हणतात.” इतकं अचूक मी स्वतःही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सीए काकू म्हणाल्या, “फाइल म्हणजे कसली फाइल?” तेव्हा कळलं की सर्च जाहिरातीत, जिथे खाली मजकूर वाचला जाईलच असं नाही, तिथे ‘व्हिसाची फाइल’ असं म्हणावं लागेल. ‘व्हिसाची फाइल चोख करतो’ एवढं २२ अक्षरांत बसतं.

मथळा पास झाला तरी बाकीचं ऑफिस तो बिघडवू शकतं. रिसेप्शनवरच्या ताई फोनवर सवयीने म्हणायच्या, “हो हो, होऊन जातं सगळ्यांचं.” ते वाक्य जाहिरातीइतकंच हमी आहे, आणि पालक ते रेकॉर्डही करतात. त्यांना नवीन वाक्य पाठ करून दिलं: “व्हिसा एम्बसी ठरवते, आम्ही तुमची फाइल बघून कुठे अडेल ते आधी सांगतो. कधी येताय?” तसंच व्हिसाचं स्टिकर हातात धरलेल्या मुलांचे फोटो. ते रोज एक टाकले की न लिहिता टक्केवारी जाहीर होते, आणि वर पासपोर्ट नंबर दिसतो तो वेगळाच धोका. आम्ही स्टिकरऐवजी त्याच मुलांचे दोन सह्यांच्या फाइलसोबतचे फोटो लावले, त्यांची लेखी परवानगी घेऊन.

जुना फ्लेक्स मॅडमनी फेकला नाही. उलटा करून, कोऱ्या बाजूवर तीन रकान्यांची ती यादी मार्करने लिहून कौन्सेलरच्या खोलीत लावलीय. नवीन जाहिरात लिहायची झाली की मला आधी त्यासमोर उभं करतात.